नकार थांबले तेव्हा

कल्पना करा, रोज सकाळी तुम्हाला एका खुर्चीत बसवलं आहे आणि समोरच्या पडद्यावर फक्त नकार वाचायला दिले आहेत. कोणीतरी एखादी फाईल उघडायला गेलं आणि संगणकाने सांगितलं, तुम्हाला परवानगी नाही. झाली एक ओळ. कोण, कुठल्या यंत्रावरून, काय उघडायला गेलं, केव्हा, आणि शेवटी तो ठरलेला शब्द: नाकारले. अशा ओळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. कोणी पासवर्ड विसरलेलं, कोणाची बदली झालेली, कोणाचं बोट घसरलेलं. पण एखादी ओळ तशी नसते. ती तुम्हाला ओळखायची आहे, आणि ती बाकीच्यांसारखीच दिसते.

त्या मोठ्या रुग्णालयात हे काम जी बाई करायची, तिला सगळे नकारबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. तिची खोली तळघरात, धुलाईखान्याला लागून. चादरी वाळवणारी यंत्रं सुरू झाली की मधली भिंत गरम व्हायची. हिवाळ्यात बरं वाटायचं, एरवी जीव नकोसा व्हायचा.

पूर्वी ती याच रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. कोणाचा आवाज कुठल्या वॉर्डातला, हे तिला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. मग एक्स्चेंज बंद झालं. सोबतच्या दोघीजणी घरी गेल्या. हिने मात्र संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या, आणि चाळिशी ओलांडल्यावर संगणक सुरक्षेच्या खोलीत येऊन बसली. आधी लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची, आता कोणाला कुठे जाऊ दिलं नाही ते वाचते. घरी सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर नाही-नाही वाचून येतेस, आता घरात तरी एखादं हो म्हण."

"कशाला हो म्हणू?"

"तेच तर. आधी विचारतेस कशाला!"

ती हसायची, पण थकून. रात्री डोळे मिटले तरी ओळी वर सरकत राहायच्या.

नियम सोपा होता. एकाच माणसाला थोड्या वेळात पुष्कळ नकार मिळाले की तांबडी सूचना यायची. मग ती फोन उचलायची. बहुतेक वेळा पलीकडे प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ असायचा. त्यांच्या एका जुन्या यंत्रात कोणीतरी कधीकाळी पासवर्ड भरून ठेवला होता. पासवर्ड बदलला, यंत्राला कोणी कळवलं नाही, आणि ते बिचारं रात्रंदिवस दार ठोठावत बसलं होतं.

"अहो, तुमचं यंत्र परत ओरडतंय."

"बाई, ते तुमच्यावर प्रेम करतं. आम्हाला तर साधा रिपोर्टही वेळेवर देत नाही."

असे विनोद ऐकून घ्यायचे आणि पुढची ओळ वाचायची.

सुटे नकार पडद्यावर दिसायचे, पण त्यांची चौकशी तिच्याकडे नव्हती. त्यालाही कारण होतं. मागे डॉक्टरांनी आरडाओरडा केला होता, की परवानगीअभावी कामं अडतात, अर्ज करा, वाट बघा, तोवर रुग्ण घरी जातो. मग वरून तोडगा निघाला. एखाद्याला एखादा सुटा नकार मिळाला, की संगणक आपोआप मदतकक्षाकडे तक्रार पाठवेल: या कर्मचाऱ्याला अमुक पान उघडता आलं नाही, बघून घ्यावं. रुग्णांच्या फायली, औषधं, तपासण्या अशा नाजूक जागांसाठी वरिष्ठांची संमती लागायची. बाकी किरकोळ पानांची परवानगी मदतकक्षाने स्वतःच देऊन टाकायची. सगळे खूश झाले. तिच्याही पडद्यावरची गर्दी कमी झाली. खरं सांगायचं तर तिलाही हायसं वाटलं होतं.

मदतकक्षात एक तरुण होता. कोणी काहीही मागितलं की दिलं, म्हणून त्याचं नाव पडलं होतं तथास्तु. किती तक्रारी किती लवकर मिटवल्या यावर त्याची बढती अवलंबून होती, त्यामुळे तोही वर द्यायला कायम तयार.

एके दिवशी साहेबांनी तिला वर बोलावलं. साहेब म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख, मनाने चांगले, पण आलेखावर जीव.

"बाई, नकार केवढे उतरलेत बघा! संचालकांच्या बैठकीत दाखवायचंय. एक छानसं चित्र करून द्या."

"कशामुळे उतरलेत, तेही दाखवायचं का?"

"उतरलेत ना? मग झालं."

ती खाली आली. भिंत तापली होती. चित्र काढायचं तर होतंच, पण नुसती उतरती रेघ काढायचा तिला कंटाळा आला. म्हणून तिने आकडे वेगळ्या तऱ्हेने मांडले. कोणाला किती नकार मिळाले हे बाजूला ठेवून तिने बघितलं, की कोणाला किती वेगवेगळ्या जागी नकार मिळाले. किल्ली विसरलेला माणूस आपल्याच दाराशी उभा राहून खटखट करतो. यंत्राचंही तसंच, हजारदा ठोठावेल पण दार तेच. जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे एक किंवा दोन दारं निघाली.

एका नावापुढे मात्र दारांची रांगच लागली.

बिलाच्या खिडकीवरचा कारकून. त्याला सगळे हसरा म्हणायचे. लिफ्टचं दार बंद होत असलं तरी हात घालून थांबवणारा, म्हाताऱ्या माणसांचे कागद स्वतः लावून देणारा. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी विम्याचं घोडं अडलं होतं, तेव्हा यानेच धावपळ केली होती. "मावशी, काळजी करू नका, मी आहे ना," असं तो म्हणाला होता, आणि सासूबाई अजून त्याची आठवण काढायच्या.

तिने पहिल्यांदा त्याच्या बाजूनेच विचार केला. बदली झाली असेल. दुसऱ्या विभागाचं काम अंगावर टाकलं असेल. कर्मचारी विभागात तिने सहज म्हणून चौकशी केली, आणखी चार नावांत त्याचं नाव मिसळून. बदली नाही, वाढीव काम नाही. खिडकी तीच.

मग तिने दारं क्रमाने लावली. पहिला नकार एका बंद फाईलचा. रुग्णाने विनंती केली असली की फाईल बंद ठेवतात, फक्त उपचार करणाऱ्यांनाच दिसते. त्यानंतर हाडांच्या विभागाची भेटींची यादी. मग व्यायामोपचाराचं वेळापत्रक. मग तपासण्यांचे रिपोर्ट घरपोच पाठवणाऱ्यांचं पान. मग घरी जाणाऱ्या परिचारिकांच्या फेऱ्या. शेवटी गाड्यांचं बुकिंग. प्रत्येक ठिकाणी एकदाच. दोन नकारांत एकदोन दिवसांची फट. घाई नाही, गोंधळ नाही. तांबडी सूचना यायला लागतो तितका आवाज त्याने कधीच केला नव्हता.

आणि गाड्यांच्या बुकिंगनंतर काहीच नाही. एकही नकार नाही.

ती बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. माणूस दारं ढकलायचं थांबवतो ते दोनच कारणांनी. एकतर तो कंटाळतो. नाहीतर एखादं दार उघडतं.

ती उठली आणि मदतकक्षात गेली. तथास्तु कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने टाईप करत होता.

"अरे, बिलाच्या खिडकीवरून गाड्यांच्या बुकिंगची तक्रार आली होती का?"

"ताई, आली असेल. दिवसाला ढीगभर येतात." त्याने फोन खांद्यात धरला आणि शोधलं. "हो, आली होती. दिली परवानगी. याच आठवड्यात."

"कोणाला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? त्याच्या आधीच्या तक्रारी रुग्णांच्या पानांच्या, त्या वरिष्ठांकडे अडकल्यात. हे किरकोळ पान आहे. गाड्यांचं तर आहे."

"आणि गाड्या जातात कुठे?"

तो हसला. हसता हसता थांबला. त्याने फोन खाली ठेवला, पलीकडचं माणूस बोलत असतानाच.

"रुग्णाला आणायला," तो हळूच म्हणाला. "घरी."

"म्हणजे त्या पानावर काय असतं?"

"पत्ता असतो, ताई."

त्याच्या पडद्यावर नवी तक्रार येऊन पडली, आणि सवयीने त्याचं बोट तिकडे गेलं. त्याने ते मागे घेतलं.

त्या बंद फाईलमध्ये कोण आहे, हे तिला बघता येत नव्हतं. तिला तो अधिकारच नव्हता. बघायला गेली असती तर तिचीच ओळ तिच्याच पडद्यावर उमटली असती. म्हणून ती मेट्रनबाईंकडे गेली. त्या पूर्वी वॉर्डाच्या मुख्य परिचारिका होत्या, आता रुग्णांच्या खासगी माहितीची राखण त्यांच्याकडे होती. पद बदललं तरी हाक तीच राहिली होती, आणि आवाजही वॉर्डातलाच.

"बस. पाणी पी आधी. अशी का दिसतेस?"

नकारबाईने सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनी चष्मा लावला, फाईलचा क्रमांक टाकला, वाचलं, चष्मा काढला.

"खांद्याचं हाड मोडून आली होती. पायऱ्यांवरून पडले म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं." त्यांनी चष्मा मिटला. "पहिल्या पानावर लिहिलंय, नवऱ्याला काहीही कळवू नये. तो इथेच कामाला आहे."

"हसरा."

"हो. मीच लिहिलंय ते. आणि आता दुसऱ्या कोणाचं असावं तसं वाचतेय मी." त्यांनी कपाळ चोळलं. "आठवड्यातून दोनदा आपली गाडी तिला व्यायामाला घेऊन येते. मुलगी आहे सोबत. नवीन घर घेतलंय भाड्याने, मुलीची नवी शाळा बघून. गाडी तिला घराच्या दारातून आणते, परत दारातच सोडते, म्हणून निर्धास्त होती गं ती."

मग हालचाल झाली. मेट्रनबाईंनी आधी त्या बाईला फोन लावला, बाकी सगळं नंतर. त्याच दुपारी ती मुलीला शाळेतून परस्पर घेऊन परगावी बहिणीकडे गेली. पोलिसांनाही कळवलं गेलं. इकडे तथास्तुने गाड्यांच्या पानाची परवानगी काढून घेतली.

"त्याचं सगळंच बंद करू का?" त्याने विचारलं.

"नको," मेट्रनबाई म्हणाल्या. "ती सुखरूप पोचल्याचं कळू दे. एकदम सगळं बंद केलं तर तो सावध होईल, खिडकी सोडून बाहेर पडेल. उद्या सकाळी वर बोलावू, तेव्हा सगळं एकदम."

उरलेला दिवस नकारबाई पडद्यासमोर बसून होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती नकाराची वाट बघत होती. तिचा हिशोब साधा होता. त्याला पत्ता अजून मिळाला नसेल, तर तो पुन्हा त्या पानावर जाईल. गेला, की आता नकार मिळेल. ओळ उमटेल. ती ओळ म्हणजे आनंदाची बातमी.

प्रयोगशाळेच्या यंत्राने ठोठावलं. एका नव्या डॉक्टरने चुकून औषधांचं भांडार उघडायला घेतलं. वॉर्डातल्या सिस्टरने जतन करून ठेवलेल्या जुन्या दुव्यावर टिचकी मारली. धुलाईखान्याची यंत्रं थांबली, भिंत गार होत गेली. हसऱ्याची ओळ काही आली नाही.

निघताना लिफ्टपाशी तो भेटलाच. दार बंद होत होतं, त्याने हात घातला.

"या बाई. मावशींचे डोळे कसे आहेत आता?"

"बरे आहेत," ती म्हणाली. "स्वच्छ दिसतं."

"छान. डोळ्यांसारखं दुसरं काही नाही."

लिफ्टमध्ये दोघंच होते. त्याच्या हातात डबा होता, बाहीवर शाईचा डाग. तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधायचा प्रयत्न केला. तो नेहमीसारखाच हसत होता. तिला फक्त ओळी वाचता यायच्या, चेहरे नाही. आवाज मात्र यायचे, एक्स्चेंजच्या दिवसांपासून. पण या आवाजातही काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला वर बोलावलं. कर्मचारी विभागाचे अधिकारी, मेट्रनबाई, साहेब आणि कोपऱ्यात ती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चुकून क्लिक झालं असेल," तो म्हणाला.

"सहा वेगवेगळ्या ठिकाणी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बिलं जुळवताना कुठेही जावं लागतं. आणि गाड्यांचं पान मी मागितलेलं नाही. तुमच्याच माणसांनी दिलं."

ते खरं होतं. तेच खरं होतं, आणि साहेब टेबलाकडे बघू लागले.

"दिल्यावर उघडलंत का तुम्ही ते?" नकारबाईने विचारलं. बैठकीत तिने बोलावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. "तुमच्याकडे सगळं दिसतं ना, बाई? मग तुम्हीच सांगा."

त्याला तिथल्या तिथे निलंबित केलं, ओळखपत्र काढून घेतलं, खातं बंद केलं. पोलीस त्याला ताकीद देऊन गेले. पण त्याने विचारलेलं मात्र तिला सांगता येईना. रुग्णांच्या फायलींची नोंद दोन्ही बाजूंनी व्हायची, कोणाला नाकारलं ते आणि कोणी उघडून बघितलं तेही. गाड्यांच्या पानाची नोंद फक्त नकारांची. किरकोळ पान, रोज शंभर जण उघडतात, कशाला जागा अडवायची, असं ठरलं होतं. ज्याला आत जाऊ दिलं, त्याने आत काय केलं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तरी तिने पाठ सोडली नाही. सर्व्हरवर प्रत्येक मागणीची एक कच्ची नोंद असते, पण ती थोडे दिवस टिकते आणि तिच्यावरच नवी लिहिली जाते. ती पाहिली, तर नेमका हवा तो भाग पुसून वर दुसरं आलेलं. खिडकीवरच्या संगणकाचा ब्राउझर बघितला. तो बंद करताना सगळं आपोआप पुसलं जायचं. रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षेसाठी. तसा नियम तिनेच घालून दिला होता.

तथास्तु रोज खाली यायचा. हल्ली तो प्रत्येक तक्रारीवर दोनदा फोन करायचा, लोक वैतागायचे.

"ताई, काही सापडलं?"

"नाही."

"मी परवानगी दिली ती दुपारी. काढली ती तिसऱ्या दिवशी. मधल्या वेळात त्याला पत्ता लागलाच नसेल, असंही असू शकतं ना? आपल्याला दार उघडलंय हे त्याला माहीतच नसेल."

"तक्रार मिटली की आपण निरोप पाठवतो त्यांना. तुमची अडचण दूर झाली आहे म्हणून."

त्याने ओठ चावला. "हो. पाठवतो."

"तू एकट्याने केलं नाहीस हे. माझी गर्दी कमी झाली म्हणून मीही गप्प बसले होते. चहा घे."

बदल झाले. सुट्या नकारावर आता कोणी आपोआप परवानगी देत नाही. नकारामागून परवानगी मिळाली, तर ती जोडी तिच्या पडद्यावर येते. एकाच माणसाने वेगवेगळी दारं ढकलली की आकडा लहान असला तरी सूचना येते. पत्ता असलेलं कुठलंच पान आता किरकोळ नाही. नकारांची रेघ पुन्हा चढली. साहेबांनी चित्र मागितलं नाही. तिचं काम मात्र दुपटीने वाढलं. संध्याकाळी घरी गेल्यावर ती चपलाही न काढता बसून राहायची.

"तो बिलाच्या खिडकीवरचा मुलगा दिसला नाही गं परवा," सासूबाई एकदा म्हणाल्या. "रजेवर आहे का?"

"हो," ती म्हणाली. एवढं एक हो तिने घरात म्हटलं.

मग एका सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. मेट्रनबाईंनी जोडून दिला होता. पलीकडे बाईचा आवाज, थकलेला, पण स्थिर. मागे कोणीतरी मूल पाढे म्हणत होतं.

"मी... त्या फाईलमधली," आवाज म्हणाला. "मेट्रनबाई म्हणाल्या, तुम्हाला विचारा. बहिणीकडे किती दिवस राहणार? तिचंही घर आहे. मुलीची शाळा बुडतेय. आमचं ते घर तसंच आहे, भाडं भरलेलं, पडदेसुद्धा नवे लावले होते. मला एवढंच सांगा. त्याने आमचा पत्ता पाहिला का?"

नकारबाईने हातातली पेन्सिल ठेवली. तिला 'बहुधा नाही' म्हणता आलं असतं, किंवा 'बहुधा हो'. दोन्ही तितकंच सोपं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्याला कुठे कुठे अडवलं, ते सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. अडवलं नाही, तिथलं नाही."

पलीकडे पाढे थांबले. "मग मी काय करू?"

"त्या घरी परत जाऊ नका. दुसरं घर बघायला मेट्रनबाई मदत करतील. मीही येते सोबत, सुट्टीच्या दिवशी."

"त्याने पाहिलंच नसेल, तरी?"

"तरी."

बाईने एक लांब श्वास सोडला, तो तारेतून स्पष्ट ऐकू आला. "पडदे काढून आणावे लागतील," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

धुलाईखान्याची यंत्रं सुरू झाली. भिंत तापू लागली. पडद्यावर प्रयोगशाळेच्या यंत्राची ओळ आली, मग सिस्टरची, मग कोणा नव्या मुलाची. ती एकेक वाचत गेली. वाचून झाल्यावर, रोजच्यासारखीच, तिने त्या आठवड्याच्या नोंदी पुन्हा उघडल्या. शेवटचा नकार, त्यानंतर परवानगी, आणि त्यापुढची कोरी जागा. तिथे बोट ठेवून ती बसून राहिली. या मधल्या दिवसांत तो खिडकीमागे बसून म्हाताऱ्यांचे कागद लावून देत होता, की त्याने एकदा, फक्त एकदा, ते पान उघडलं होतं?